मुलांचे चित्र छापण्यापूर्वी : डाग, घड्या आणि पेन्सिलीच्या खुणा

शाळेच्या वार्षिकांकासाठी निवडलेले मुलाचे चित्र पुष्कळदा वहीच्या निळ्या रेघांच्या पानावर असते. खिशातून आणल्यामुळे त्याला घड्या पडलेल्या असतात, एखाद्या कोपऱ्यात डब्यातील हळद लागलेली असते, आणि शिक्षकांनी तांबड्या शाईने केलेली खूणही त्यावर असते. अशा चित्राचे छायाचित्र घेऊन ते भरमसाट उजळले म्हणजे डाग जातात खरे. परंतु मुलाने हलक्या हाताने काढलेल्या रेघाही त्यांच्याबरोबर जातात. म्हणून कागदावरील प्रत्येक खूण कशामुळे दिसते, हे प्रथम पाहावे. डाग दिसतो तो रंगामुळे, घडी दिसते ती सावलीमुळे, आणि पेन्सिलीची रेघ दिसते ती करड्या शिशामुळे. कारणे तीन असल्यामुळे उपायही तीन आहेत.

उदाहरणादाखल चौथीतील एका विद्यार्थ्याचे चित्र घेऊ. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीत उभी असलेली सारसांची जोडी त्याने पेन्सिलीने काढली आहे. पाण्यावरच्या लहरी अगदी फिक्या आहेत. कागदाच्या चार घड्या झालेल्या आहेत आणि डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. अंक एकाच काळ्या शाईत छापावयाचा आहे.

घडीचा उपाय छायाचित्र घेण्यापूर्वीच करावा. चित्र दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून त्यावर जाड पुस्तकांचा भार द्यावा व रात्रभर तसेच राहू द्यावे. इस्त्री फिरवू नये. मेणाचे खडू वापरलेले असल्यास ते वितळून चित्र बिघडते. दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात, जेथे ऊन थेट येत नाही परंतु उजेड भरपूर आहे अशा जागी, चित्र सपाट ठेवावे. उजेड एकाच बाजूने तिरपा आला की घडीची एक कड उजळ व दुसरी काळी दिसते. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आला की ती सावली बहुतांशी नाहीशी होते. खिडकीजवळ काम करावयाचे असेल तर समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे त्यावरून परतलेला उजेड सावली भरून काढतो. मोबाईलचा फ्लॅश लावू नये, कारण पेन्सिलीचे शिसे चकाकते व गडद रेघही फिकी उमटते. मोबाईल कागदाशी समांतर धरावा. चित्र पाच इंच रुंदीचे छापावयाचे असेल तर छायाचित्राची रुंदी निदान १५०० बिंदूंची असावी. संगणकावर पाठविताना ते व्हॉट्सॲपवरून साध्या छायाचित्राप्रमाणे न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावे. अन्यथा त्याचा आकार लहान होऊन बारीक रेघा पुसट होतात.

यापुढील काम GIMP या विनामूल्य संगणकप्रणालीत करता येते. मूळ छायाचित्र बाजूला राखून नेहमी प्रतीवरच काम करावे.

आता डागाचा उपाय. संगणक छायाचित्रातील प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांचे आकडे ठेवतो. ० म्हणजे पूर्ण काळोख व २५५ म्हणजे पूर्ण उजेड. समजा, आपल्या चित्रातील कोऱ्या कागदाचे आकडे २३०, २२८ व २२२ आहेत. हळदीच्या डागाचे २२५, १९० व ९०. वहीच्या निळ्या रेघेचे १५०, १८० व २२०. आणि पेन्सिलीच्या गडद रेघेचे १२०, १२० व १२२ आहेत. नीट पाहिल्यास ध्यानात येईल की, डाग निळ्या प्रकाशात काळा असला तरी तांबड्या प्रकाशात जवळजवळ कागदाइतकाच उजळ आहे. वहीची रेघ याच्या उलट, निळ्या प्रकाशात उजळ आहे. पेन्सिलीची रेघ मात्र तिन्ही प्रकाशांत सारखीच काळी आहे.

तेव्हा प्रत्येक बिंदूच्या तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा तेवढा ठेवला, तर कागद २३०, डाग २२५, वहीची रेघ २२० आणि पेन्सिल १२२ होते. डाग व रेघा कागदात मिसळून जातात आणि पेन्सिल उरते. याकरिता `Colors > Desaturate > Desaturate` हा आदेश द्यावा व त्यातील `Value (HSV)` हा प्रकार निवडावा. छापखान्यात जुने चित्रकार फिक्या निळ्या पेन्सिलीने आखणी करीत, कारण छपाईच्या फिल्मला तो निळा रंग पांढऱ्या कागदासारखाच दिसत असे. येथील तत्त्व त्याच जातीचे आहे.

या उपायाच्या मर्यादाही ओळखाव्यात. जेथे हळदीचा डाग निळ्या रेघेवर पडला आहे तेथे तिन्ही प्रकाश अडतात, म्हणून करड्या ठिपक्यांची ओळ उरते. ती हातानेच काढावी लागते. शिक्षकांची तांबडी खूण पुष्कळ फिकी होते, पण पूर्णपणे जाईलच असे नाही. चहाच्या डागाची कड आणि चिखलाचा डाग यांतही काळेपणा असतो, म्हणून ते उरतात. चित्र रंगीत असल्यास हा उपाय मुळीच करू नये, कारण मुलाने रंगविलेला पिवळा सूर्यही हळदीच्या डागाबरोबर नाहीसा होईल.

यानंतर `Colors > Levels` उघडावे. तेथील उजव्या टोकाचा त्रिकोण डावीकडे सरकवीत नेल्यास त्या आकड्यापेक्षा उजळ असलेले सर्व काही पांढरे होते. आपल्या चित्रात तो २१५ वर थांबवावा. कागद, डाग व वहीच्या रेघा पांढऱ्या होतील. परंतु १९५ च्या आसपास असलेल्या पाण्याच्या लहरी टिकतील. तो १९० पर्यंत नेला तर पान अधिक स्वच्छ दिसेल, पण सारस कोरड्या जमिनीवर उभे राहतील! म्हणून चित्रातील सर्वांत फिकी रेघ कोणती, हे आधी मूळ कागदावर पाहावे व त्रिकोण सरकविताना दृष्टी तिच्यावरच ठेवावी. एक कोपरा पांढरा व दुसरा करडा राहिल्यास उजेड असमान पडला होता असे समजावे आणि त्रिकोण अधिक न सरकविता छायाचित्रच पुन्हा घ्यावे.

शेवटी राहतात पेन्सिलीच्याच नको असलेल्या खुणा. येथे रंगाचा भेद नसल्यामुळे संगणक काहीच निवडू शकत नाही. तळहाताने पुसटलेले शिसे मऊ व फिके असते, ते बहुधा मागील क्रियेतच विरते. घडीची उरलेली बारीक रेघ, ठिपक्यांची ओळ व कडेला लिहिलेला हजेरी क्रमांक `Heal` या साधनाने काढावेत. मूळ कागदावर खोडरबर चालवू नये. शिसे पसरते आणि गेलेली रेघ परत येत नाही.

परंतु सारसाच्या पायाजवळ तीन रेघा दिसतात, त्यांतील दोन चुकलेल्या वाटतात. त्या काढाव्यात काय? मुलाला जवळ बोलावून विचारावे. एखादा म्हणेल, पाय आधी आखूड झाला होता, म्हणून लांब केला. दुसरा म्हणेल, पक्षी चालतो आहे, म्हणून पाय तीनदा काढला. पहिल्याच्या संमतीने त्या रेघा काढता येतील. दुसऱ्याच्या काढल्या तर चित्रातील चाल आपण पुसली, असे होईल.

काम पुरे झाल्यावर चित्र PNG स्वरूपात जतन करावे व अंक ज्या यंत्रावर निघणार त्याच यंत्रावर एक प्रत काढून पाहावी. झेरॉक्सवर फिकी करडी रेघ सहज गळते. लहरी दिसेनाशा झाल्यास `Levels` मधील मधला त्रिकोण थोडा उजवीकडे सरकवावा, म्हणजे पांढरा कागद पांढराच राहून फिक्या रेघा गडद होतात. ही प्रत मूळ चित्राशेजारी ठेवून लहरी मोजाव्यात. संख्या जुळली तरच चित्र छपाईस द्यावे.