लॅपटॉपसाठी पैसे साठवताय? आधी तारीख ठरवा, मग गणित मांडा!

‘दर महिन्याला जमेल तेवढे बाजूला टाकू’ असं ठरवून साठवलेले लॅपटॉपचे पैसे सहसा सणात, सहलीत किंवा मोबाइलच्या स्क्रीनमध्ये जातात. कारण त्या ‘जमेल तेवढे’ला आकडा नसतो आणि तारीखही नसते. म्हणून हे बजेट उलट्या बाजूने मांडावं लागतं.

उदाहरण घेऊ. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाच्या हातात महिन्याला २६,००० रुपये पडतात. ऑगस्टमध्ये त्याचा डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स सुरू होतोय. त्याआधी ५२,००० रुपयांचा लॅपटॉप घ्यायचाय. बॅग, माउस आणि वाढीव वॉरंटी धरून खरा खर्च होतो ५६,०००. जवळ ८,००० आहेत, म्हणजे उरले ४८,०००. डिसेंबर ते जुलै असे आठ पगार मिळणार. भागाकार सोपा आहे: महिना ६,००० रुपये.

आकडा पेलतोय का?

इथेच बहुतेकांची गफलत होते. आकडा निघाला की बजेट झालं असं वाटतं. या तरुणाचं खोलीभाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे, पेट्रोल आणि रिचार्ज मिळून १९,००० जातात. उरतात ७,०००. मात्र यूपीआय अॅपमधले मागच्या तीन महिन्यांचे व्यवहार पाहिले, तर बाहेरचं खाणं, कपडे, सिनेमा यावर सरासरी ३,५०० खर्च झालेले दिसतात. अंदाजाने विचारलं असतं तर त्याने दोन हजार सांगितले असते! थोडक्यात, आज त्याला ६,००० नव्हे, ३,५०० जमतात.

आता बदलता येण्यासारख्या गोष्टी तीनच: किंमत, तारीख आणि खर्च. कोर्सची तारीख हलत नाही. सगळा भार खर्चावर टाकला तर हातात हजारच रुपये उरतात आणि असं बजेट दुसऱ्याच महिन्यात मोडतं. म्हणून आधी किंमतीला हात घालावा. ४६,०००चं कमी रॅमचं मॉडेल घेऊन रॅम पुढे वाढवता येते. फक्त त्यात रिकामा स्लॉट आहे का, हे खरेदीआधी पाहायला हवं. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढत नाही. वाढीव वॉरंटी वगळून बॅग-माउससह खर्च ४८,००० झाला. जवळचे ८,००० वजा केले की उरतात ४०,०००, म्हणजे महिना ५,०००. वरखर्चाला २,००० राहतात. ओढाताण आहे, पण अशक्य नाही.

सगळे महिने सारखे नसतात

एप्रिलमध्ये बाइकचा विमा आणि घरात लग्न, असा ३,००० रुपयांचा जादा खर्च त्याला आत्ताच माहीत आहे. त्या महिन्यात फार तर २,००० बाजूला पडतील. ही तूट एप्रिलनंतर भरायची म्हटली तर शेवटच्या तीन महिन्यांत प्रत्येकी ६,००० लागतात. तेच डिसेंबरपासून उरलेल्या सात महिन्यांत वाटलं, तर ५,४५०मध्ये भागतं. ठरल्याप्रमाणे चाललंय का, हे कळायला एकच हिशेब पुरतो: दर पगाराला उरलेली रक्कम भागिले उरलेले महिने. हा आकडा सलग दोन महिने वाढला तर किंमत किंवा खर्च पुन्हा तपासायची वेळ आली, असं समजावं.

पैसे ठेवायचे कुठे? यूपीआय जोडलेल्या खात्यात तर नकोच. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वेगळ्या बचत खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला देता येते. ते खाते शून्य शिलकीचं असावं, नाहीतर किमान शिलकीचा दंड बसू शकतो. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, त्यामुळे इथे उपयोगाची नाही. बँकेच्या आरडीत महिना ५,००० भरले आणि ६ टक्के व्याज धरलं, तर आठ महिन्यांत साधारण ९०० रुपये सुटतात. पण तिथे हप्ता ठरलेला असतो, एप्रिलमध्ये तो कमी करता येत नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर आजच घेतला तर? त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि असल्यास प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाच्या माथी येतं. लॅपटॉपवर आजपासून कमाई होणार असेल, तर हा पर्याय वाईट नाही. या तरुणाला तो ऑगस्टमध्ये लागणार आहे.

राहिली किंमत. डिसेंबरमध्ये पाहिलेलं मॉडेल जुलैपर्यंत बाजारातून गेलेलं असू शकतं. त्यामुळे टिपून ठेवायचा तो प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीचा तपशील, मॉडेलचं नाव नव्हे. मे महिन्यात त्याच तपशिलाच्या दोन-तीन लॅपटॉपच्या किंमती पुन्हा पाहाव्यात. फरक पडला असेल, तर तो जून-जुलैच्या हप्त्यांत धरता येतो.