गाण्याखाली दबलेला आवाज

लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये सगळं दिसतं, ऐकू मात्र काहीच येत नाही. अंतरपाटाआडून डोकावणारी नवरी दिसते, रुखवताभोवती घोळका केलेल्या बायका दिसतात, पंगतीत आग्रह करणारे काका दिसतात, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो, तो त्या वर्षीच्या हिट सिनेमातल्या गाण्याचा. नव्वदच्या दशकात ‘मिक्सिंग’ न केलेली कॅसेट म्हणजे अर्धवट काम, असा गिऱ्हाइकाचा हिशेब होता. मंगलाष्टकं तेवढी मूळ आवाजात ठेवायची आणि बाकी सगळ्यावर गाणी.

चिपळूणच्या एका निवृत्त कॅमेरामनने अशी शेकडो लग्नं शूट केली. खांद्यावर पॅनासोनिकचा एम सिरीजमधला कॅमेरा, शेजारी हॅलोजनचा लाइट धरून उभा असलेला पोरगा आणि मांडवभर पसरलेली वायर, असा त्यांचा संसार होता. पुढे मिनी डीव्ही आलं, मग मेमरी कार्ड, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी धंदा थांबवला. माळ्यावर उरल्या त्या कॅसेटी. काही गिऱ्हाइकं उरलेले पैसे द्यायला फिरकलीच नव्हती, काहींनी जास्तीची कॉपी मागवून नेली नव्हती. खालच्या कपाटात होत्या त्या २२ जुलै २०२१च्या पुरात गेल्या. माळ्यावरच्या वाचल्या.

त्या पुन्हा खाली आल्या त्या नातीमुळे. पुण्याला राहणारी ही आठ वर्षांची मुलगी सुट्टीत आली आणि तिने विचारलं, “आजोबा, आजी बोलायची कशी?” आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या घरची माणसं टिपणाऱ्या माणसाने आपल्या बायकोला समोर बसवून कधी शूट केलं नव्हतं. पण आजी हळदीची गाणी म्हणायची. घाणा भरायला, म्हणजे जात्याला आंब्याची डहाळी बांधून सुवासिनी हळद दळतात तेव्हा, तिला आसपासच्या गावांतून बोलावणं असायचं. नवरा कॅमेरा घेऊन आणि बायको ओव्या घेऊन, अशी दोघं एकाच मांडवात कितीदा तरी असायची. म्हणजे ती कुठल्या तरी टेपवर असणारच. त्यांनी ठरवलं, शोधायचं, आणि सापडेल त्याची नातीसाठी एक फिल्म करायची.

पहिली अडचण बुरशीची. कोकणातल्या दमट हवेत कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिलं की काळ्या टेपच्या कडेवर पांढरी बारीक जाळी दिसते. ही कॅसेट तशीच प्लेअरमध्ये घातली तर बुरशी फिरत्या हेडला चिकटते, आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. म्हणून त्यांनी एक मोडका व्हीसीआर फक्त टेप गुंडाळण्यासाठी बाजूला ठेवला. तोंडाला मास्क लावून, अंगणात बसून, कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही रिळं उचलून दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवायची आणि मग टेप मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून हळूहळू पुढे-मागे फिरवायची. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. हात जड पडला तर ती ताणली जाते, आणि ताणलेली टेप पुन्हा सरळ होत नाही. कॅसेट लावण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी ते मोडून टाकत. ती मोडली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जात नाही.

आजी सापडली ती डिसेंबर १९९४च्या एका लग्नात. शेजारच्या गावातलं गिऱ्हाईक, हळदीचा कार्यक्रम, आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेली आजी. ओठ हलत होते, मान डोलत होती. आवाज येत होता तो ‘हम आपके हैं कौन’मधल्या गाण्याचा. त्या मोसमात दुसरं काही चालतच नव्हतं.

मूळ शूटिंगची टेप, जिला धंद्यात ‘रॉ’ म्हणतात, ती मिळण्याची आशा नव्हती. कोरी कॅसेट महाग, त्यामुळे मिक्सिंग झालं की रॉ टेपवर पुढचं लग्न शूट व्हायचं. मिक्सिंगसाठी तेव्हा कॅसेटी पुण्याला जायच्या. तिथून परत आलेली ही एकच प्रत उरली होती, आणि तिच्यावर गाणं चढवलेलं होतं. आजोबांनी तो भाग आवाज बंद करूनच फिल्ममध्ये घ्यायचं ठरवलं.

मग त्यांचा व्हीसीआर बिघडला, आणि तिथे गोष्ट फिरली. नवा घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जपानच्या फुनाई या शेवटच्या उत्पादक कंपनीने २०१६ सालीच व्हीसीआर बनवणं थांबवलं. एकेकाळी कॅसेट लायब्ररी चालवणाऱ्या मित्राकडून त्यांनी एक हाय-फाय स्टिरिओ व्हीसीआर मागून आणला. तीच कॅसेट त्यात लावली, तर गाणं गायब. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, कुणीतरी मुलाला ओरडतंय आणि त्या सगळ्यावर आजीचा खणखणीत आवाज.

असं का झालं, हे समजायला टेपवर काय कुठे लिहिलेलं असतं ते पाहावं लागतं. व्हीएचएस टेप अर्धा इंच रुंद. चित्र तिच्यावर तिरक्या रेघांनी उमटतं. ते उमटवणारी हेड एका गोल ड्रमवर बसवलेली असतात, आणि तो ड्रम आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ वेळा फिरतो. आवाज मात्र साध्या यंत्रात टेपच्या एका कडेने सरळ पट्टीत नोंदवला जातो. ही पट्टी डोक्यापुढून सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर सरकते, गाण्याच्या साध्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने, म्हणून तो आवाज दबका येतो. हाय-फाय यंत्र ही पट्टी तर लिहितंच, शिवाय ड्रमवरच्या वेगळ्या हेडने आणखी एक आवाज टेपच्या थरात खोलवर लिहितं आणि त्याच जागी वरच्या थरावर चित्र उमटवतं. चित्राला हात लावल्याशिवाय हा खालचा आवाज बदलता येत नाही.

पुण्याच्या मिक्सिंगवाल्याचं यंत्र हाय-फाय होतं. त्याने आधी रॉ टेपवरून चित्र आणि आवाज दोन्ही उतरवले, आणि मग ‘ऑडिओ डब’ करून गाणी चढवली. ऑडिओ डब फक्त कडेच्या पट्टीवर होतं. तेव्हा घराघरात साधे मोनो व्हीसीआर असायचे, ते कडेची पट्टीच वाचायचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला गाणी ऐकू आली आणि काम चोख झालं असं सगळ्यांना वाटलं. खालचा आवाज जवळजवळ तीस वर्षं तसाच पडून राहिला. लग्नाची अशी कॅसेट ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती उतरवून घेताना एवढं नक्की पाहावं. प्लेअर हाय-फाय हवा, आणि त्याच्या मागे किंवा मेनूमध्ये आवाजाची निवड ‘नॉर्मल’ किंवा ‘मिक्स’ऐवजी ‘हाय-फाय’वर हवी. मिक्सिंग साध्या यंत्रावर झालं असेल, किंवा उतरवतानाच गाणं मिसळलं असेल, तर मूळ आवाज खरोखरच गेलेला असतो. दोन्ही निवडींवर एकेक मिनिट ऐकलं की ते कळतं.

तरी काम सोपं नव्हतं. हाय-फायचा आवाजही चित्रासारखाच तिरक्या रेघांवर असतो, म्हणून टेप जराशी ताणलेली किंवा डागाळलेली असली की हेड रेघेवरून घसरतं. आधी खरखर येते आणि मग व्हीसीआर आपणहून कडेच्या पट्टीवर उडी मारतो. आजीच्या ओवीच्या मध्येच बॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा घुसायचा आणि दोन सेकंदांनी पुन्हा जातं घरघरायचं. आजोबांनी यावर धीराचा उपाय केला. तोच भाग कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा उतरवून घेतला, दर वेळी ट्रॅकिंगचं बटण थोडं थोडं फिरवून. ज्या फेरीत सुरुवात स्वच्छ आली तिथली सुरुवात घेतली, ज्या फेरीत शेवट आला तिथला शेवट, आणि श्वासाच्या जागा पाहून तुकडे जोडले. तासाभराच्या व्हिडिओला डीव्ही पद्धतीत सुमारे १३ जीबी जागा लागते, त्यामुळे एका ओवीपायी हार्ड डिस्क भरत आली.

चित्राचं काय करायचं हा वेगळा प्रश्न. त्यांच्या कॅमेऱ्याने आयुष्यभर नवरा-नवरीचा पाठलाग केला होता, आजी कायम कोपऱ्यात. तिला मोठं करून मध्ये आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण व्हीएचएसच्या चित्रात मुळातच बारकावा कमी, मोठं केलं की चेहऱ्याच्या जागी नुसते रंगाचे ठिपके उरतात. शेवटी त्यांनी फ्रेम तशीच ठेवली आणि आजीभोवतीचा भाग थोडा मंद केला. चौकटीतून गुलाबाच्या पाकळ्या सांडणारे, फोटो गरागरा फिरवणारे जुने इफेक्ट त्यांनी एकही ठेवला नाही. हा निर्णय मला फार योग्य वाटतो. त्या पाकळ्यांनी किती चेहरे झाकले असतील याचा हिशेब नाही.

लग्न परक्याचं असल्यामुळे त्या घरी फोन करणंही आलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन कुणाकडून फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक पैसे देणारा असतो, कॅमेरामन नव्हे. आपल्या माळ्यावर कॅसेट आहे म्हणून ती आपली होत नाही. तेव्हाची नवरी आता पन्नाशीची. तिने परवानगी दिली, आणि गाण्यांखालचा सगळा आवाज आपल्यालाही हवा म्हणाली. तिचे वडील आता नाहीत, आणि पंगतीत आग्रह करताना ते काय म्हणत होते हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

फिल्म झाली २२ मिनिटांची. आधी ती दोन तासांची होती. सगळ्या आत्या, माम्या, पाठवणी, वरात, काहीच वगळवत नव्हतं. नातीने अर्ध्या तासात मांजराशी खेळायला सुरुवात केली तेव्हा आजोबांनी कात्री हातात घेतली. जिथे आजी आहे, जिथे नातीची आई परकर-पोलक्यात धावते आहे, आणि जिथे कॅमेऱ्यामागून आजोबांचा तरुण आवाज “वहिनी, जरा इकडे बघा” म्हणतो आहे, तेवढंच ठेवलं. एका प्रतीवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून एक हार्ड डिस्क चिपळूणला आहे, एक पुण्याला, आणि मूळ कॅसेट कोरड्या डब्यात उभी ठेवलेली.

ओवीतला एक तुकडा मात्र कुठल्याच फेरीत आला नाही. तिथे टेपला सुरकुती पडली आहे आणि साधारण तीन सेकंद सिनेमाचं गाणंच वाजतं. आजोबांनी तिथे शांतता घालून पाहिली, ती खटकली, म्हणून गाणं राहू दिलं. नातीला आता आजीची ओवी पाठ झाली आहे. ती म्हणताना ती त्या जागी आली की बरोब्बर तीन सेकंद हिंदी गाते आणि पुन्हा ओवीवर येते.