तेवीस जणांतली एक जोडी

फुटबॉलच्या सामन्यात मैदानावर दोन्ही संघांचे मिळून 22 खेळाडू असतात, आणि एक पंच. एकूण 23 माणसं. यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असेल का? वर्षाचे दिवस 365, माणसं जेमतेम दोन डझन. तेव्हा बहुतेकांना वाटतं, असा योग क्वचितच यावा.

रॉबर्ट मॅथ्यूज आणि फियोना स्टोन्स या अभ्यासकांनी हे प्रत्यक्ष तपासलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 19 एप्रिल 1997 रोजी झालेले दहा सामने त्यांनी घेतले आणि प्रत्येक सामन्यातल्या 23 जणांच्या जन्मतारखा पडताळल्या. दहापैकी सहा सामन्यांत एका तारखेची जोडी सापडली. दहा सामने म्हणजे नमुना लहानच. पण 2014 च्या विश्वचषकात 32 देशांचे संघ उतरले होते, प्रत्येकात 23 खेळाडू, आणि त्यांतल्या 16 संघांत अशी जोडी होती. नेमके निम्मे!

आपला अंदाज इतका का चुकतो? कारण ‘एकाच दिवशी वाढदिवस’ म्हटलं की माणूस नकळत स्वतःची तारीख धरतो आणि ती दुसऱ्या कुणाची आहे का, हे मनात शोधू लागतो. त्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच लहान आहे. उरलेल्या 22 जणांत आपली तारीख असणारं कुणी भेटण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास असते. ती निम्म्यावर न्यायची तर इतर 253 माणसं लागतात.

पण मूळ प्रश्नात कुणाचीच तारीख ठरलेली नाही. कुणाचीही कुणाशीही जुळली तरी चालते. म्हणून मोजायची ती माणसं नव्हेत, जोड्या. प्रत्येकाला इतर 22 जण आहेत. 23 गुणिले 22 म्हणजे 506, आणि यात प्रत्येक जोडी दोनदा आली म्हणून तिचे निम्मे, 253. जुळण्याच्या 253 संधी आहेत म्हटल्यावर 365 हा आकडा पूर्वीइतका अवाढव्य वाटत नाही. माणसं दुप्पट झाली की जोड्या जवळजवळ चौपट होतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

नेमकी शक्यता काढायला उलट बाजूने जाणं सोपं पडतं: कुणाचीच तारीख जुळू नये, असं किती वेळा घडेल? पहिला माणूस कुठल्याही दिवशी जन्मलेला चालेल. दुसऱ्याला 365 पैकी 364 दिवस मोकळे, तिसऱ्याला 363, असं करत तेविसाव्याला 343. हे सगळे अपूर्णांक एकमेकांशी गुणायचे. सुरुवातीला गुणाकार हळूहळू घटतो. दहा माणसांनंतरही तो 0.88 असतो, म्हणजे जोडी सापडण्याची शक्यता फक्त 12 टक्के. मात्र प्रत्येक नवा माणूस आधीच्यापेक्षा जास्त तारखा चुकवायला बांधलेला असतो, म्हणून घसरण वेग घेते. बावीस जणांवर जोडीची शक्यता 47.6 टक्के होते आणि तेविसाव्यावर 50.7. पन्नास जणांचा वर्ग असेल तर ती 97 टक्क्यांवर जाते. शंभर टक्के खात्री मात्र 29 फेब्रुवारी सोडला तरी 366 माणसं जमल्यावरच.

या हिशेबात एक गृहीत आहे: वर्षाचा प्रत्येक दिवस जन्मासाठी सारखाच संभाव्य. प्रत्यक्षात तसं नसतं. काही महिन्यांत जन्म जास्त होतात, काहींत कमी. गंमत अशी की या असमानतेने जोडी जुळण्याची शक्यता कमी होत नाही, वाढतेच. गर्दीच्या तारखांवर माणसं एकमेकांना अधिक भेटणारच.

याचं ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्या पिढीत अनेकांची खरी जन्मतारीख घरी कुणी लिहून ठेवलेली नसे. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून नाव घालताना गुरुजी दाखल्यावर 1 जून लिहून टाकत, आणि तीच तारीख पुढे नोकरीत आणि निवृत्तीपर्यंत सोबत राही. समजा, एखाद्या कार्यालयात दहातल्या एकाच्या कागदावर 1 जून आहे आणि बाकीच्यांच्या तारखा वर्षभर सारख्या विखुरलेल्या आहेत. वरचाच गुणाकार या स्थितीत केला, तर 23 जणांत जोडी सापडण्याची शक्यता 51 वरून सुमारे 84 टक्क्यांवर पोचते. म्हणून अशा ठिकाणी हा प्रयोग करायचा झाला तर कागदावरची नव्हे, खरी तारीख विचारावी लागते. आणि ज्यांना ती ठाऊकच नाही त्यांना हिशेबातून वगळावं लागतं.