स्वतःच्या कामाचे एक पान

मार्च संपला की सरकारी कचेऱ्यांतून एक कागद टेबलाटेबलावर फिरू लागतो. पूर्वी त्याला गोपनीय अहवाल म्हणत. आता त्याचे नाव कार्यमूल्यमापन अहवाल झाले आहे, बऱ्याच ठिकाणी तो संगणकावरही भरतात, पण बोलताना लोक अजून ‘सी.आर.’च म्हणतात. त्यातला पहिला भाग कर्मचाऱ्याने स्वतः लिहायचा असतो: वर्षभरात मी काय केले. त्यावर प्रतिवेदन अधिकारी आपले मत देतात आणि त्यांच्यावर पुनर्विलोकन अधिकारी.

या शेऱ्यांवर किती अवलंबून असते, हे देव दत्त यांच्या खटल्यात दिसले. सीमा सडक संघटनेतल्या या अभियंत्याला 1993-94च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र पाच वर्षे ‘फार चांगला’ हवा होता. त्या एका शेऱ्याने बढती अडली, आणि तो त्यांना कळवलाही गेला नव्हता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शेरा वाईट असो की चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. म्हणजे शेरा पाहून दाद मागता येते. पण दाद मागताना हाताशी पहिला पुरावा कोणता? आपणच लिहिलेले ते पान.

आता एक उदाहरण घेऊ. कल्पित आहे, पण कचेरीत काम केलेल्यांना ओळखीचे वाटेल. एक वरिष्ठ लिपिक बाई निवृत्तिवेतनाचे टेबल सांभाळतात. राज्य शासनाच्या नियमांप्रमाणे कर्मचारी निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधीपासून कागद जमवायला लागायचे आणि किमान सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे पाठवायचे. काही राहिले असेल तर ते आक्षेप लागून परत येते आणि निवृत्त माणूस पेन्शनसाठी खेटे घालत राहतो.

बाईंनी पहिला मसुदा असा लिहिला: ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली.’ मैत्रीण म्हणाली, एवढ्यावर काय मिळणार? मग दुसरा झाला: ‘अत्यंत निष्ठेने व अहोरात्र परिश्रम घेऊन निवृत्तिवेतनाच्या कामात आमूलाग्र सुधारणा केली व कार्यालयाची प्रतिमा उंचावली.’ पहिला लाजरा, दुसरा फुशारकीचा. पण नीट पाहिले तर दोघांचा दोष एकच आहे. दोन्ही वाक्ये कोणत्याही टेबलावरच्या कोणालाही लावता येतात. निवृत्तिवेतनाचे काय झाले, ते दोन्हींत नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात वाक्यापासून करू नये, नोंदवहीपासून करावी. कार्यविवरण नोंदवही आणि तिचे महिन्याचे गोषवारे काढून बाईंनी मोजले. वर्षात प्रकरणे 38. त्यांतली 31 सहा महिन्यांच्या मुदतीत गेली, सात उशिरा. आक्षेप लागून परत आली तीन. आदल्या वर्षी 40 पैकी नऊ परत आली होती.

नवावरून तीन, हे ऐकायला छान आहे. पण ‘माझ्यामुळे’ असे लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कमी का झाली? बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला एका पानाचा तपासणी तक्ता केला होता. सेवापुस्तकातल्या रजेच्या नोंदी, नामनिर्देशन, छायाचित्रे, ना-मागणी प्रमाणपत्र, अशा बाबी त्यात होत्या. आदल्या वर्षीचे आक्षेप काढून पाहिले, तर नवांपैकी सहा अशाच राहून गेलेल्या कागदांचे होते. यंदा त्या प्रकारचा एकही नाही. यंदाचे तिन्ही आक्षेप वेतननिश्चितीचे, आणि आदल्या वर्षीही तसे तीनच होते. म्हणजे तक्त्याने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, दोन्ही कळले. ‘आमूलाग्र सुधारणा’ हे शब्द आता आपोआप गळून पडतात. त्यांची जागा खऱ्या गोष्टीने घेतलेली असते.

यानंतर मसुद्यावर तांबडी पेन्सिल फिरवावी. मी कविता लिहितो, त्यामुळे विशेषणांचा मोह मला ठाऊक आहे. ‘अत्यंत’, ‘अथक’, ‘उल्लेखनीय’ हे शब्द खोडून वाक्य वाचावे. काही उरले तर ते ठेवावे. काहीच उरले नाही, तर तिथे काही नव्हतेच. फुशारकी बहुधा विशेषणांत बसलेली असते, आकड्यात आणि क्रियापदात क्वचितच.

पुढची अडचण आपल्या भाषेची आहे. ‘तक्ता तयार केला’ या वाक्यात क्रियापद तक्त्याप्रमाणे चालते. करणारा कोण, ते त्यातून कळतच नाही. ‘तक्ता तयार करण्यात आला’ असे कचेरीच्या थाटात लिहिले, तर करणारा पार अदृश्य होतो. विनयाने ‘मी’ गाळणारा माणूस आपले कामच गाळून बसतो. उलट प्रत्येक वाक्यात ‘मी’ आला की तो खुपतो, आणि इतरांचे श्रमही त्यात गिळले जातात. साधा उपाय म्हणजे ‘मी’ नेमका जिथे आपला हात होता तिथे, एकदाच लिहावा, आणि दुसऱ्यांचे काम त्यांच्या पदासह त्यांच्या नावे लावावे.

तुलना करायची ती आपल्याच टेबलाच्या आदल्या वर्षाशी. ‘माझ्या आधी येथे गोंधळ होता’ हे वाक्य खरे असले तरी काढून टाकावे. वाचणाऱ्याचे लक्ष कामावरून भांडणाकडे जाते. आणि तो गोंधळ कदाचित त्या वाचणाऱ्याच्याच देखरेखीखाली झालेला असतो.

उरली ती सात उशिराची प्रकरणे. ती लपवू नयेत. अधिकाऱ्याकडेही तीच नोंदवही असते. उणीव कारणासह लिहिली की वरचे आकडेही विश्वासाचे वाटतात. बाईंचे शेवटचे पान असे झाले:

‘वर्षातील 38 निवृत्तिवेतन प्रकरणांपैकी 31 विहित मुदतीत सादर केली. आक्षेपासह परत आलेली प्रकरणे 3 (मागील वर्षी 40 पैकी 9). अपूर्ण कागदपत्रांचे आक्षेप मागील वर्षी 6 होते, या वर्षी एकही नाही. त्यासाठी एकपानी तपासणी तक्ता मी तयार केला. कनिष्ठ लिपिकांनी तो प्रत्येक प्रकरणास लावला. वेतननिश्चितीचे आक्षेप पूर्वीइतकेच, 3 राहिले. उशिराच्या 7 प्रकरणांपैकी 5 मध्ये वेतन पडताळणी पथकाकडील पडताळणी बाकी होती. 2 माझ्या टेबलावर रेंगाळली. पुढील वर्षी सेवापुस्तके पडताळणीसाठी लवकर पाठवण्याचे नियोजन केले आहे.’

यात एकही स्तुतीचा शब्द नाही. पान बंद करण्याआधी प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ असे विचारून पाहावे. उत्तरात नोंदवहीचे पान दाखवता आले, तर ते वाक्य राहू द्यावे.

अर्थात, चांगले पान लिहिले की चांगला शेरा मिळेलच, असे नाही. अधिकारी घाईत असेल, आकसाचाही असेल. पण ज्या पानावर 38, 31 आणि तीन हे आकडे आहेत, त्याखाली नुसते ‘साधारण’ असे लिहायला त्याला कारण शोधावे लागते. आणि पुढे दाद मागायची वेळ आली, तर बाईंना नव्याने काही सांगावे लागत नाही. ते आधीच लिहिलेले असते.