नैराश्याची गोळी आणि घसरलेलं सोडियम : वॉर्डासाठी टिपण

पासष्टी ओलांडलेल्या माणसाला नैराश्याची गोळी सुरू झाली आणि पुढच्या महिनाभरात तो मळमळतंय म्हणू लागला, बरळू लागला किंवा चालताना पडला, तर सीटी स्कॅनच्या रांगेत थांबण्याआधी रक्तातलं सोडियम तपासायला पाठवावं. सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असतं. १३० ते १३४ ही सौम्य घट, १२५ ते १२९ मध्यम आणि १२५च्या खाली तीव्र. हे टिपण सिस्टर आणि निवासी डॉक्टरांसाठी आहे, पण यातले बरेच गैरसमज नातेवाइकांकडून येतात, म्हणून भाषा त्यांनाही समजेल अशी ठेवली आहे.

समजण्यासाठी एक रुग्ण कल्पू. काटेवाडीजवळच्या कन्हेरीतल्या ७२ वर्षांच्या आजी, वजन ४४ किलो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन बरीच वर्षं चालू, गुडघ्यांसाठी अधूनमधून दुखण्याची गोळी. आजोबा गेल्यापासून झोप नाही, जेवण म्हणजे चहा आणि चतकोर भाकरी. तपासून एस्सिटॅलोप्रॅम सुरू झालं, आधी ५ आणि आठवड्याने १० मिलिग्रॅम. तेव्हा सोडियम १३६ होतं. बाराव्या दिवशी सून त्यांना घेऊन बारामतीला आली. “आत्याबाई काल ओसरीवर पडल्या. आज दोनदा उलटी झाली, आता हाक मारली तरी नीट ओ देईनात.” सोडियम ११८.

“मीठ कमी खाल्लं, म्हणून सोडियम कमी झालं.”

सुनेने दोन दिवस मीठ घातलेलं लिंबू सरबत आणि तांब्या-तांब्याने पाणी पाजलं होतं. प्रेमापोटी केलं, पण पाण्यानेच घात केला. आजींच्या अंगात मीठ कमी नव्हतं, पाणी जास्त होतं. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गटातल्या आणि व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिनसारख्या गोळ्यांमुळे काही रुग्णांत व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा परिणाम नको तितका वाढतो. हे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं. एरवी जास्तीचं पाणी प्यायलं की लघवी पाण्यासारखी होऊन ते बाहेर पडतं. इथे लघवी घट्टच राहते, पाणी अंगात साठतं आणि रक्तातलं सोडियम विरळ होतं. पायावर सूज येत नाही, तोंडही कोरडं पडत नाही. वरवर पाहून काही कळत नाही ते यामुळेच.

म्हणून सलाईन जोडण्याआधी रक्ताबरोबर लघवीचा नमुनाही घ्यावा. आजींच्या रक्ताची ऑस्मोलॅलिटी २४८ आली (२७५च्या खाली म्हणजे रक्त खरोखरच पातळ), लघवीची ५२० आणि लघवीतलं सोडियम ६२. रक्त पातळ असताना लघवीची ऑस्मोलॅलिटी १००च्या वर आणि सोडियम ३०च्या वर असेल, तर मूत्रपिंड पाणी अडवून बसलं आहे. मात्र आजींच्या अंगात पाणी काढणारी गोळी होती, आणि तिच्यामुळेही लघवीत सोडियम वाढतं. दोन्ही गुन्हेगार एकत्र असताना रिपोर्टवरून त्यांना वेगळं काढता येत नाही, त्यामुळे दोन्ही बंद. थायरॉइड, क्रिएटिनिन आणि सकाळचं कॉर्टिसॉल पाहावं. साखर ४०० असेल तर सोडियम मुळात कमी दिसतं, १००च्या वरच्या दर १०० साखरेमागे साधारण २ मिळवून खरा आकडा धरावा. आणि डेक्स्ट्रोजची बाटली ज्या हाताला चालू आहे त्या हातातून नमुना कधीही घेऊ नये.

“वय झालं, विसरायचंच. नैराश्यच वाढलं असेल.”

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. सोडियम हळूहळू घसरतं तेव्हा सुरुवातीला गळाठा, भूक मरणं, लक्ष न लागणं, पावलं डळमळणं एवढंच दिसतं. यातलं प्रत्येक लक्षण नैराश्याच्या खात्यावर टाकता येतं. मग कोणीतरी गोळीचा डोस वाढवतं आणि सोडियम आणखी खाली जातं. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांना ‘लक्षणं नाहीत’ असं धरलं होतं अशा सोडियम घटलेल्या रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के पडून दवाखान्यात आले होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हातारं माणूस पडलं की आपण खुब्याचा एक्स-रे काढतो. त्याच वेळी सोडियमही पाठवावं.

“गोळी सगळ्यांना सारखीच धोक्याची.”

तसं नाही. गोळी सुरू करण्यापूर्वीच धोक्याची माणसं ओळखता येतात. वय पासष्टच्या वर, बाई, वजन कमी, आधी कधी सोडियम घसरलेलं किंवा आताच १३८च्या खाली, मूत्रपिंड मंदावलेलं, खाणं तुटपुंजं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे थायझाइड गटातली पाणी काढणारी गोळी. क्लोरथॅलिडोन सरकारी रक्तदाब कार्यक्रमाच्या औषधांतही आहे आणि खासगी दुकानातल्या जोडगोळ्यांतही. स्ट्रिपवर नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल, तर बहुधा आत थायझाइड गटातलंच औषध असतं. रुग्ण मात्र “बीपीची एकच गोळी” एवढंच सांगतो. म्हणून औषधांची पिशवी खाटेवर उलटी करून प्रत्येक स्ट्रिप वाचावी. फिटची कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन, दुखण्याच्या गोळ्या, ॲसिडिटीची रोजची गोळी हेही या यादीत येतात.

“सुरू करताना एकदा तपासलं, आता तीन महिन्यांनी बघू.”

घसरण बहुतेक वेळा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत होते. तीन महिन्यांनी तपासणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणं. जगभर सर्वमान्य असं एकच वेळापत्रक नाही. वॉर्डासाठी मी हे सुचवतो: धोक्याच्या प्रत्येक रुग्णाचं सोडियम गोळीच्या आधी, मग पाचव्या ते सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी आणि चौथ्या आठवड्यात. नंतर तीन महिन्यांनी एकदा. डोस वाढवला, गोळी बदलली किंवा थायझाइड जोडलं की पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याची तपासणी पुन्हा. जुलाब-उलट्या झाल्या, पडले किंवा बरळू लागले, तर त्याच दिवशी. वर्षभर त्याच डोसवर नीट असलेल्या माणसाला दर पंधरा दिवसांनी टोचत बसायची गरज नाही.

आजींचा डोस आठव्या दिवशी वाढवला, पण सातव्या दिवसाची तपासणी झालीच नव्हती. तेव्हाच आकडा १३०च्या आसपास सापडला असता, तर वॉर्डात यायची वेळ कदाचित आली नसती.

“सोडियम कमी आहे ना, मग सलाईन लावा.”

साधं सलाईन म्हणजे नॉर्मल सलाईन. एका लिटरमध्ये साधारण ३०८ मिलिऑस्मोल क्षार. आजींची लघवी ५२०ची. एवढे क्षार बाहेर टाकायला त्यांना ६०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी पुरते. मीठ निघून जातं आणि बाटलीतलं ४०० मिलिलिटर पाणी अंगात राहतं. रात्रभर सलाईन चालवून सकाळी सोडियम ११६ आलं की सगळे गोंधळतात, त्याचं कारण हे. जुलाबाने खरंच कोरडं पडलेल्या रुग्णाला मात्र नॉर्मल सलाईनच लागतं, म्हणून आधी रुग्ण नीट तपासावा.

आजींना गुंगी आणि उलट्या होत्या. अशा वेळी ३ टक्के सलाईन: १०० मिलिलिटरची बाटली दहा मिनिटांत, पुन्हा नमुना, लक्षणं कायम असतील तर दुसरी, फार तर तिसरी. चांगली शीर असेल तर हातातूनही देता येतं, शीर सुजते का पाहावं. फिट किंवा बेशुद्धी असेल, तर रिपोर्टसाठी थांबू नये. आकडा ४ ते ६ने वर आला की मेंदूची सूज उतरायला तेवढं पुरतं. आजींचं सोडियम दोन बाटल्यांनंतर १२२ झालं, त्यांनी सुनेला नावाने हाक मारली. तिसरी बाटली दिली नाही.

लक्षणं सौम्य असतील तर ३ टक्के सलाईन नको. संशयित गोळ्या थांबवाव्यात, दिवसभरातलं पाणी ८०० मिलिलिटर ते १ लिटर ठेवावं. यात चहा, ताक, पेज, आमटीचं पाणी सगळं मोजायचं. खुणा केलेली एक बाटली उशाशी ठेवली की हिशोब सोपा होतो. मात्र जेवण तोडू नये. खाण्यातले क्षार आणि प्रथिनं मिळाली, तरच मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकता येतं.

“आकडा जितका लवकर वर, तितका रुग्ण लवकर बरा.”

खरी परीक्षा इथे आहे, आणि ती रात्रपाळीच्या सिस्टरची आहे. सोडियम दिवसांच्या हिशोबाने घसरलं असेल, तर मेंदूच्या पेशींनी त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. ते झपाट्याने चढवलं तर मज्जातंतूंवरचं आवरण झडू शकतं. रुग्ण आधी सुधारतो आणि दोन ते सहा दिवसांनी त्याची जीभ अडखळते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणून मर्यादा: पहिल्या २४ तासांत १०पेक्षा जास्त नाही, ४८ तासांत १८पेक्षा जास्त नाही. कुपोषण, दारू, यकृताचा आजार किंवा कमी पोटॅशियम असेल तर २४ तासांत ८च. आजी खंगलेल्या आणि पोटॅशियम ३.३, म्हणजे त्यांची मर्यादा १२६. पोटॅशियम भरलं की सोडियमही चढतं, हेही त्याच हिशोबात धरायचं.

३ टक्क्याची बाटली काढली म्हणजे धोका टळला असं नव्हे. गोळी बंद झाली की व्हॅसोप्रेसिनचा पगडा सुटतो, अडवलेलं पाणी एकदम बाहेर पडतं आणि सोडियम आपोआप उसळतं. पहिलं लक्षण रिपोर्टमध्ये नाही, लघवीच्या पिशवीत दिसतं. लघवी ताशी १००च्या वर गेली आणि पाण्यासारखी पांढरी झाली, की लगेच नमुना पाठवावा आणि डॉक्टरला उठवावं. आजींची लघवी आठव्या तासाला १८० झाली, सोडियम १२५. पाण्यावरचं बंधन त्याच क्षणी उठवलं, ५ टक्के डेक्स्ट्रोज सुरू केलं आणि डेस्मोप्रेसिन २ मायक्रोग्रॅम शिरेतून दिलं. चोवीस तासांनी आकडा १२६, अठ्ठेचाळीस तासांनी १३०, पाचव्या दिवशी १३४. तोवर पहिल्या दिवशी दर दोन ते चार तासांनी आणि नंतर दर सहा तासांनी नमुना, प्रत्येक आकडा वेळेसह एकाच कागदावर.

“आता नैराश्याची गोळी नकोच.”

सोडियम सुधारलं तरी आजींची झोप आणि भूक परतलेली नव्हती. उपचार न केलेलं नैराश्यही जिवावर बेततं. मिर्टाझापिनमध्ये हा धोका कमी आहे, शून्य नाही. ते रात्री ७.५ मिलिग्रॅमने सुरू केलं, झोप आणि भुकेला त्याची मदतच होते. क्लोरथॅलिडोनऐवजी ॲम्लोडिपिन. एस्सिटॅलोप्रॅम जेमतेम दोन आठवडे झालं होतं, म्हणून एकदम थांबवता आलं. महिनोन्महिने चालू असलेलं पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक तोडल्यास चक्कर आणि बेचैनी येते, त्यामुळे सौम्य घटीत ते उतरत्या डोसने बंद करावं. सोडियम १२५च्या खाली असेल तर ती सवलत नाही.

डिस्चार्ज कार्डावर ‘सोडियम ११८, एस्सिटॅलोप्रॅम व क्लोरथॅलिडोनमुळे, पुन्हा देऊ नये’ असं मराठीत लिहिलं आणि तेच सुनेच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगितलं. सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या तपासणीच्या तारखा त्याखाली.