‘मामा’ रोमन लिपीत कसा लिहायचा?

मराठी कादंबरी इंग्रजीत नेताना ‘काकू’ची ‘आंटी’ करायची नाही, यावर अनुवादक आणि संपादक यांचं एकमत लवकर होतं. घोडं अडतं ते स्पेलिंगपाशी. सध्या मी एकत्र कुटुंबाच्या एका कादंबरीचा अनुवाद करतोय. संपादकांनी समासात विचारलं, Kaka मध्ये a एकेकटा, मग Aai मध्ये जोडीनं का? त्यांना मराठी येत नाही, म्हणून सविस्तर टिपण लिहून पाठवलं.

लिप्यंतराचं आयएसओ १५९१९ हे प्रमाण २००१ पासून आहे. त्यात दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि ‘ण’खाली टिंब येतं. अभ्यासग्रंथात ते हवंच. पण पानोपानी हाका असलेल्या कादंबरीत त्या खुणा डोळ्यांत खुपतात. म्हणून मी साधा नियम धरला: ‘आ’साठी एक a, आणि अपवाद फक्त वाचणारा हमखास अडखळेल तिथे. Ai लिहिलं तर ‘ऐ’ किंवा ‘आय’ वाचलं जाईल, म्हणून Aai. ‘जाऊ’चं Jau केलं तर ‘जौ’ होईल, म्हणून Jaau. ‘आजी’ आणि ‘आजोबा’ यांतले ‘ज’ आपण वेगळे उच्चारतो, तरी Aji आणि Ajoba असंच ठेवलं. उच्चारासाठी z घुसवला असता, तर दोन्ही शब्दांचं नातं डोळ्यांना दिसलंच नसतं.

सगळ्यांत जास्त विचार करावा लागला तो Mama चा. इंग्रजी वाचकाला त्यात आई दिसते. भाची ओसरीवरून “मामा!” अशी हाक मारते आणि आतून मिशीवाला माणूस बाहेर येतो, तेव्हा तो वाचक गोंधळणारच. Maama लिहूनही हा घोटाळा टळत नाही, कारण ऐकू तेच येतं; शिवाय मग Kaaka सुद्धा करावं लागेल. त्यामुळे स्पेलिंगला हात न लावता मी मांडणी बदलली. पहिल्या उल्लेखात Sharad-mama, लगेच पुढे तो आईचा धाकटा भाऊ असल्याचा अर्धा वाक्यांश, आणि नुसती हाक त्यानंतरच. ‘नाना’चंही तसंच, कारण अनेक इंग्रजी घरांत nana म्हणजे आजी.

टिपणातला शेवटचा मुद्दा मुद्रणप्रत तपासणाऱ्यांसाठी होता. कादंबरीत निवेदक ‘वहिनी’ लिहितो, तर शेतावरचा गडी ‘वैनी’ म्हणतो. मी अनुक्रमे Vahini आणि Vaini ठेवलंय. एकसारखेपणा आणण्याच्या भरात कुणी संगणकावर एका फटक्यात सगळीकडे Vahini केलं, तर गड्याची बोली पुसली जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून स्पेलिंगच्या यादीत दोन्ही रूपं, त्यांच्यापुढे बोलणाऱ्याचं नाव आणि ‘हा फरक मुद्दाम ठेवला आहे’ अशी नोंद केली आहे.