फ्रिजमधलं पनीर
एजवेअरच्या एका दुकानात काका फ्रिजमध्ये पनीर ठेवतात. इंग्लंडच्या कायद्यानुसार असे पदार्थ ८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड हवेत. आज थर्मामीटर ७.५ दाखवतो. मग चालेल ना?

थांबा! समजा, हा थर्मामीटर १ अंशाने चुकू शकतो. मग खरं तापमान ८.५ सुद्धा असेल. म्हणून काका १ अंश राखून ठेवतात: आकडा ७ किंवा कमी असेल, तरच ‘ठीक’. या राखीव पट्ट्याला ‘गार्ड बँड’ म्हणतात.

तपासनीसाचं उलट असतं. याच थर्मामीटरवर ९ च्या वर आकडा दिसला, तरच ‘फ्रिज गरम आहे’ असं तो खात्रीने म्हणू शकतो. मधल्या आकड्यांवर दोघांनाही खात्री नसते. म्हणून काय करायचं, ते मोजण्याआधीच ठरवतात.

प्रश्न: थर्मामीटर अर्ध्या अंशानेच चुकत असेल, तर आजचं ७.५ काकांना चालेल का?